पालकाचा ठिपका आणि त्याला वर नेणारा द्रावक

पालकाचं पान हिरवं दिसतं, पण त्या हिरव्यात निदान सहा निरनिराळी रंगद्रव्यं असतात. निळसर हिरवं क्लोरोफिल ए, पिवळसर हिरवं क्लोरोफिल बी, केशरी-पिवळं बीटा कॅरोटीन, आणि ल्युटीन, व्हायोलाझँथिन, निओझँथिन ही तीन पिवळी भावंडं. ती वेगळी करून डोळ्यांना दाखवायची सर्वांत साधी युक्ती म्हणजे थिन लेअर क्रोमॅटोग्राफी. प्रयोगशाळेत सगळे तिला नुसतं टीएलसी म्हणतात. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर किंवा काचेवर सिलिका जेलचा जेमतेम ०.२ मिलिमीटर जाडीचा पांढरा थर असतो. त्याच्या खालच्या बाजूला पानाच्या अर्काचा ठिपका द्यायचा, प्लेट थोड्याशा द्रावकात उभी करायची आणि झाकण ठेवायचं. द्रावक केशाकर्षणाने वर चढतो, रंगांना सोबत नेतो, आणि प्रत्येक रंग आपापल्या वेगाने जाऊन आपापल्या उंचीवर थांबतो. या चढणाऱ्या द्रावकाला मोबाइल फेज म्हणतात.

सांगायला हे दोन ओळींचं काम आहे, पण त्याच पालकातून एका टेबलावर सहा स्वच्छ पट्टे येतात आणि शेजारच्या टेबलावर एक लांबलचक हिरवा ओघळ. कारण शोधताना सगळे आधी मोबाइल फेजकडे बघतात, प्रमाण बदलतात, नवी बाटली उघडतात. माझं मत असं की निम्म्याहून अधिक वेळा दोष ठिपक्यात असतो. आणि ज्याला मोबाइल फेज नीट निवडायचा आहे, त्याने ठिपका देताना काय घडतं हे आधी समजून घ्यावं, कारण या दोन गोष्टींमागचं तत्त्व एकच आहे.

आधी रंग वेगळे का होतात ते बघू. सिलिकाच्या कणांच्या पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल गट दाटीवाटीने असतात आणि ते ध्रुवीय रेणूंना धरून ठेवतात. बीटा कॅरोटीनमध्ये कार्बन आणि हायड्रोजनखेरीज काहीच नाही, सिलिकाला धरायला त्यात जागाच सापडत नाही, म्हणून ते द्रावकाच्या जवळजवळ बरोबरीने वर जातं. ल्युटीनचा सांगाडा जवळपास तसाच, पण त्याच्या दोन टोकांना एकेक हायड्रॉक्सिल गट असतो. एवढ्याने ते बरंच खाली अडकतं. व्हायोलाझँथिन आणि निओझँथिनमध्ये ऑक्सिजनचे चार-चार अणू, म्हणून ती आणखी खाली, आणि निओझँथिन सर्वांत तळाला. दोन क्लोरोफिलांमधला फरक तर फारच बारीक आहे. ए मध्ये एका ठिकाणी जिथे मिथाइल गट असतो तिथे बी मध्ये आल्डिहाइड गट येतो. त्या एका ऑक्सिजनमुळे बी थोडं अधिक ध्रुवीय होतं आणि ए च्या किंचित खाली राहतं. हा ‘किंचित’ पुढे फार महत्त्वाचा ठरणार आहे.

आता द्रावकाचं काम काय? नुसतं वाहून नेणं एवढंच नाही. हेक्झेन हा अध्रुवीय द्रावक आहे, सिलिकावर तो जागा अडवत नाही. त्यात ॲसिटोन मिसळलं की ॲसिटोनचे रेणू सिलिकावरच्या जागा पटकावू लागतात. भरलेल्या एसटीत जागा नसली की प्रवासी जसा पुढे सरकत जातो, तसं ल्युटीन जागा न मिळाल्याने द्रावकाबरोबर पुढे जातं. म्हणजे ॲसिटोनचं प्रमाण वाढवलं की सगळेच रंग वर सरकतात, आणि जे जास्त चिकट होते त्यांच्यावर परिणाम जास्त. मात्र हा परिणाम सरळ प्रमाणात होत नाही. शुद्ध हेक्झेनमध्ये पहिलं १० टक्के ॲसिटोन घातलं तर चित्र पार बदलतं. ५० टक्क्यांचं ६० केलं तर फारसा फरक जाणवत नाही. म्हणून शोध घेताना सुरुवातीला छोट्या पावलांनी जावं.

योग्य प्रमाण शोधायला प्रत्येक मिश्रणासाठी वेगळी प्लेट चालवायची गरज नसते. एक जुनी, अतिशय सोपी चाचणी आहे आणि ती आजही कमी वापरली जाते याचं मला वाईट वाटतं. प्लेटच्या एका तुकड्यावर अर्काचे पाच छोटे ठिपके एकमेकांपासून तीन-तीन सेंटिमीटरवर द्यावेत आणि वाळू द्यावेत. मग एका बारीक काचनळीत शुद्ध हेक्झेन घ्यावं आणि पहिल्या ठिपक्याच्या मधोमध टेकवावं. द्रावक गोल पसरत जातो. वर्तुळ साधारण दोन सेंटिमीटर व्यासाचं झालं की नळी उचलावी. दुसऱ्या ठिपक्याला हेक्झेन आणि ॲसिटोनचं ९:१ मिश्रण, तिसऱ्याला ७:३, चौथ्याला १:१, पाचव्याला शुद्ध ॲसिटोन.

काही मिनिटांत पाच उत्तरं समोर असतात. हेक्झेनच्या वर्तुळात एक पिवळं कडं बाहेर पडलेलं दिसतं आणि हिरवा रंग होता तिथेच बसलेला असतो. म्हणजे हेक्झेनने कॅरोटीन तेवढं हलवलं. शुद्ध ॲसिटोनच्या वर्तुळात मधला भाग रिकामा आणि सगळे रंग एकाच कड्यात बाहेरच्या काठावर गोळा झालेले असतात, वेगळं काहीच झालेलं नसतं. ९:१ मध्ये पिवळं कडं बाहेर, हिरवं मध्याजवळ घुटमळलेलं. १:१ मध्ये हिरवी कडी काठाच्या जवळ एकमेकांवर चढलेली. आणि ७:३ मध्ये एकात एक अशी कडी दिसतात, बाहेर पिवळं, मग निळसर हिरवं, त्याला लागून पिवळसर हिरवं, आणि आत फिकट पिवळं.

ही कडी वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. उभ्या प्लेटवर रंगाने कापलेलं अंतर भागिले द्रावकाने कापलेलं अंतर म्हणजे त्या रंगाचा आरएफ. गोल पसरण्यात द्रावक क्षेत्रफळ व्यापत जातो, त्यामुळे इथलं गुणोत्तर उभ्या प्लेटवरच्या आरएफच्या साधारण वर्गमुळाइतकं येतं. कडं त्रिज्येच्या निम्म्यावर दिसलं तर उभ्या प्लेटवर त्याचा आरएफ ०.५ नव्हे, ०.२५ च्या आसपास येईल. टीएलसीत रंग सर्वांत चांगले वेगळे होतात ते आरएफ ०.३ च्या आजूबाजूला. म्हणून ज्या जोडीची आपल्याला काळजी आहे, इथे दोन क्लोरोफिलांची, ती वर्तुळात मध्यापासून निम्म्याच्या थोडी पलीकडे दिसली पाहिजे. पालकासाठी हेक्झेन आणि ॲसिटोन ७:३ हे प्रमाण इतक्या ठिकाणी का वापरलं जातं, ते या कड्यांवरून कळतं. एरवी हेक्झेनऐवजी पेट्रोलियम इथरही चालतं. एन-हेक्झेनची वाफ दीर्घकाळ श्वासात गेली तर मज्जातंतूंना इजा करते, त्यामुळे जिथे हेप्टेन मिळतं तिथे ते घेणं अधिक चांगलं. हे सारेच द्रावक भडकन पेटतात. आसपास बर्नर नको, आणि काम धुरांड्याच्या कपाटातच करावं.

आता याच चाचणीकडे पुन्हा एकदा बघा. पानाचा अर्क आपण बहुतेकदा ॲसिटोनमध्ये काढतो. तो ॲसिटोनचा अर्क नळीत घेऊन प्लेटला टेकवला की काय होईल? शुद्ध ॲसिटोनच्या वर्तुळात झालं तेच. ॲसिटोन गोल पसरेल, रंगांना सोबत घेऊन जाईल, आणि आपण ज्याला ठिपका समजतो ते मधे फिकट आणि काठाला गडद असं कडं असेल. म्हणजे प्लेट भांड्यात ठेवण्याआधीच एक क्रोमॅटोग्राफी होऊन गेलेली असते, ती चुकीच्या द्रावकाने आणि चुकीच्या दिशेने. पुढे मोबाइल फेज कितीही अचूक असला तरी तो या कड्यालाच वर नेतो. कड्याच्या खालच्या काठावरचं क्लोरोफिल ए आणि वरच्या काठावरचं क्लोरोफिल बी एकमेकांवर येतात आणि डोळ्यांना सलग हिरवा पट्टा दिसतो.

हे किती नाजूक आहे ते आकड्यांत पाहू. समजा द्रावक ठिपक्यापासून ८ सेंटिमीटर चढला. क्लोरोफिल ए चा आरएफ ०.४६ आणि बी चा ०.४० आला. दोघांच्या केंद्रांमधलं अंतर ०.०६ गुणिले ८० मिलिमीटर, म्हणजे ४.८ मिलिमीटर. सुरुवातीचा ठिपका २ मिलिमीटरचा असेल तर वर जाता जाता तो पसरून ३-४ मिलिमीटरचा होतो, आणि दोघांमध्ये बारीकशी पांढरी फट उरते. सुरुवातीचा ठिपकाच ६ मिलिमीटरचा असेल तर ही फट कुठल्याही मोबाइल फेजने येणार नाही. ४.८ मिलिमीटरच्या अंतरात ६ मिलिमीटरचे दोन ठिपके मावत नाहीत.

यावरचा पहिला उपाय अर्क काढण्यातच आहे. देठ काढलेली पालकाची ताजी पानं दोन ग्रॅम घ्यावीत. खलात थोडी स्वच्छ वाळू आणि चिमूटभर कॅल्शियम कार्बोनेट घालून ती ५ मिलिलिटर ॲसिटोनमध्ये घोटावीत. वाळूने पेशी फुटतात, आणि कार्बोनेट पानातली आम्लं शमवतं, त्याचं महत्त्व पुढे येईलच. गडद हिरवा द्रव परीक्षानळीत ओतून घ्यावा. त्यात ५ मिलिलिटर हेक्झेन आणि तेवढंच मिठाचं पाणी घालावं. नळी बूच लावून अगदी हलक्या हाताने उलटसुलट करावी, जोरात हलवली तर फेसाळ दूध तयार होतं आणि थर वेगळे व्हायला बराच वेळ जातो. थोड्या वेळाने वर हेक्झेनचा गर्द हिरवा थर आणि खाली जवळजवळ रंगहीन पाण्याचा थर दिसतो. ॲसिटोन बहुतांश पाण्यात उतरलेलं असतं, रंग हेक्झेनमध्ये चढलेले. वरचा थर काढून पाण्याने दोनदा धुवावा, म्हणजे उरलंसुरलं ॲसिटोनही जातं. मग त्यात थोडं निर्जल सोडियम सल्फेट घालावं. ते पाणी शोषून घेतं. त्याचे खडे एकमेकांना चिकटेनासे झाले, सुटे फिरू लागले, की पाणी संपलं असं समजावं. शेवटी द्रव उजेडापासून दूर ठेवून अर्ध्या मिलिलिटरपर्यंत आटवावा, गरम न करता, नुसत्या हवेच्या झोतात.

आता हा हेक्झेनमधला अर्क प्लेटला टेकवला की पहिल्या वर्तुळासारखं घडतं. हेक्झेन पसरतं, हिरवे रंग मात्र टेकवले तिथेच राहतात. कॅरोटीन थोडं बाहेर पळतं, पण त्याची चिंता नाही, ते पुढे द्रावकाच्या टोकाशी जाऊन पुन्हा एकवटणारच आहे.

ठिपका देण्याची नळी बारीक हवी. द्रवणांक काढायच्या काचनळ्या बहुतेक महाविद्यालयांत असतात, त्यांतली एक ज्योतीवर मधोमध तापवून, बाहेर काढून ओढली की केसाइतकं बारीक टोक तयार होतं. हे काम द्रावकाच्या बाटल्या उघडण्यापूर्वी आणि वेगळ्या खोलीत उरकावं. प्लेटच्या खालच्या कडेपासून एक सेंटिमीटरवर पेन्सिलीने अगदी हलकी रेघ ओढावी. पेनची शाई ॲसिटोनमध्ये विरघळून स्वतःच वर चढू लागते. रेघेवर, बाजूच्या कडांपासून निदान एक सेंटिमीटर आत, ठिपक्यांच्या जागा ठरवाव्यात. नळीचं टोक प्लेटला लावायचं म्हणजे टोचायचं नाही. काच पृष्ठभागाला टेकली न टेकली की द्रव आपोआप उतरतो, लगेच नळी उचलायची. सिलिकाला खड्डा पडला तर द्रावक त्याला वळसा घालून जातो आणि वर गेल्यावर ठिपक्याला दोन शेपट्या फुटलेल्या दिसतात. ठिपक्याला दोन टोकं आली तर दोष रसायनात नव्हे, हातात आहे हे ओळखावं.

एका टेकवण्यात रंग फिका पडतो, म्हणून त्याच जागी पुन्हा टेकवावं लागतं. दर वेळी आधीचं पूर्ण वाळू द्यायचं. ओल्यावर ओलं दिलं की ठिपका फुगत जातो. फुंकर मारायचा मोह आवरावा, श्वासातली वाफ सिलिकाला लागते. थंड हवेचा पंखा पुरे.

किती वेळा टेकवायचं याचं एकच उत्तर नाही, आणि ते शोधायचा चांगला मार्ग म्हणजे एकाच प्लेटवर तीन ठिपके देणं, एक एकदाच टेकवलेला, दुसरा तीनदा, तिसरा नऊदा. पहिल्यात दोन क्लोरोफिलं सुरेख सुटतात, पण निओझँथिन दिसतच नाही. तिसऱ्यात निओझँथिन आणि व्हायोलाझँथिन स्पष्ट दिसतात, पण क्लोरोफिलं जाड होऊन एकमेकांत मिसळतात आणि त्यांच्या मागे दाढीसारखा ओघळ राहतो. सिलिकावरच्या जागा भरून गेल्या की रेणू एका वेगाने चालत नाहीत, त्यातून तो ओघळ येतो. दोन्ही ठिपके बरोबर आहेत, ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. ठिपक्याऐवजी अर्क सरळ रेघेत, एक सेंटिमीटर लांबीच्या पट्टीत दिला तर रंग जास्त मावतो आणि उभी जाडी मात्र वाढत नाही. पट्टी ओढताना नळी फरफटवू नये, शेजारी शेजारी टेकवत जावं.

आणि समजा अर्क ॲसिटोनमध्येच आहे, हेक्झेनमध्ये उतरवायला वेळ नाही, ठिपके कड्यांसारखे पसरले आहेत. प्लेट टाकून द्यायची गरज नाही. भांड्यात दोन-तीन मिलिमीटर उंच शुद्ध ॲसिटोन घ्यावं, प्लेट त्यात क्षणभर उभी करावी आणि द्रावक ठिपक्यांच्या वरच्या कडेपलीकडे चार-पाच मिलिमीटर गेला की लगेच बाहेर काढावी. शुद्ध ॲसिटोनमध्ये सगळे रंग टोकाशी गोळा होतात हे आपण पाहिलंच. इथे तेच आपल्या फायद्याचं ठरतं. पसरलेलं कडं एका बारीक आडव्या रेघेत आवळलं जातं. प्लेट पूर्ण वाळवली, नवी रेघ सुरुवातीची रेघ मानून तिच्यापासून अंतरं मोजली, की ७:३ मध्ये चालवायला ती तयार असते. या युक्तीत घाईला जागा नाही. थोडंसं ॲसिटोन जरी प्लेटवर उरलं तरी तिथला मोबाइल फेज ७:३ न राहता जास्त तीव्र होतो.

प्लेट चालवायचं भांडं साधं बीकर आणि वर काचेची बशी एवढंच असलं तरी चालतं. आत कडेने गाळणकागद उभा लावावा, मोबाइल फेज ओतून कागद भिजवावा आणि झाकून दहा-पंधरा मिनिटं थांबावं, म्हणजे भांडं वाफेने भरून जातं. नाहीतर चढत्या द्रावकातून ॲसिटोन आणि हेक्झेन वेगवेगळ्या वेगाने उडून जातात, कडांकडून जास्त, आणि एकाच अर्काचे कडेचे ठिपके मधल्यांपेक्षा वर दिसतात. द्रव पाच मिलिमीटरपेक्षा उंच नको. पेन्सिलची रेघ बुडाली तर रंग वर जाण्याऐवजी खालच्या द्रवातच विरघळतात. द्रावक वरच्या कडेपासून एक सेंटिमीटरवर आला की प्लेट काढून लगेच पेन्सिलीने त्याची सीमा आखावी, तो बघता बघता उडून जातो.

बाहेर काढलेल्या प्लेटवर वरून खाली असं वाचता येतं. द्रावक ८ सेंटिमीटर चढला आहे. पिवळं कॅरोटीन साधारण ७.५ सेंटिमीटरवर. निळसर हिरवं क्लोरोफिल ए ३.७ वर, पिवळसर हिरवं बी ३.२ वर, त्याखाली ल्युटीन, आणि तळाकडे व्हायोलाझँथिन व निओझँथिन. पण कॅरोटीन आणि क्लोरोफिल ए यांच्या मधल्या मोकळ्या जागेत एक करडा ठिपका दिसतो. तो पानातला नसतो, आपण तयार केलेला असतो. क्लोरोफिलच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा एक अणू असतो. आम्ल लागलं की तो निघून जातो, त्याच्या जागी दोन हायड्रोजन येतात, आणि राहतं ते करड्या रंगाचं फिओफायटिन. मॅग्नेशियम गेल्याने त्याची सिलिकावरची पकड सैल होते, म्हणून ते वर चढतं. खलात घातलेलं कॅल्शियम कार्बोनेट याचसाठी. शिळी पानं, उष्णता आणि तासभर उजेडात ठेवलेला अर्क, या सगळ्यांनी करडा ठिपका गडद होतो.

मात्र सिलिका स्वतःसुद्धा किंचित आम्लधर्मी असते. मग हे फिओफायटिन अर्कात आधीच होतं की प्लेटवर तयार झालं? याचं उत्तर देणारी चाचणी मला या सगळ्या विषयातली सर्वांत देखणी वाटते. चौरस प्लेटच्या एका कोपऱ्यात एकच ठिपका द्यावा, ७:३ मध्ये चालवावा, वाळवावा, आणि प्लेट ९० अंशांत फिरवून पुन्हा त्याच ७:३ मध्ये चालवावी. दोन्ही वेळा द्रावक तोच, त्यामुळे प्रत्येक रंगाने दोन्ही दिशांना सारखंच अंतर कापायला हवं, म्हणजे सगळे ठिपके कर्णावर यायला हवेत. एखादा रंग प्लेटवर असतानाच बदलला असेल तर पहिल्या दिशेत तो क्लोरोफिलसारखा चालला आणि दुसऱ्यात फिओफायटिनसारखा, म्हणजे तो कर्ण सोडून बाजूला पडतो. करडा ठिपका कर्णावर असला तर दोष अर्कात, बाजूला असला तर प्लेटवर.

ठिपके ओळखायला रंगावरच अवलंबून राहू नये. अंधारात ३६५ नॅनोमीटरचा अतिनील दिवा धरला तर क्लोरोफिलं आणि फिओफायटिन लालभडक चमकतात. कॅरोटीन आणि ल्युटीनची मंडळी तशी चमकत नाहीत. सर्व ठिपक्यांभोवती लगेच पेन्सिलीने कडा आखून घ्याव्यात, फोटो काढावा. हवेने आणि उजेडाने कॅरोटीन तर काही तासांतच फिकं पडतं.

कधी ७:३ मध्येही दोन क्लोरोफिलं हवी तितकी सुटत नाहीत. अशा वेळी प्रमाण वाढवण्याऐवजी कमी करावं आणि तीच प्लेट दोनदा चालवावी. समजा ८:२ मध्ये ए चा आरएफ ०.२५ आणि बी चा ०.२० आला, अंतर ८ सेंटिमीटरच्या प्लेटवर ४ मिलिमीटर. प्लेट पूर्ण वाळवून पुन्हा तितकीच चालवली तर दोघंही उरलेल्या अंतराचा तेवढाच हिस्सा कापतात. ए पोहोचतो ०.४४ वर, बी ०.३६ वर, आणि दोघांमधलं अंतर होतं ६ मिलिमीटरच्या थोडं वर. शिवाय दुसऱ्या फेरीत द्रावक ठिपक्याच्या खालच्या कडेला आधी गाठतो, ती कड आधी हलते आणि ठिपका चपटा, आवळलेला होतो. अंतर वाढतं आणि ठिपका बारीक होतो, असा दुहेरी फायदा मिळतो. वेळ मात्र दुप्पट लागतो, आणि तेवढा वेळ क्लोरोफिल आम्लधर्मी सिलिकावर असतं हे विसरून चालत नाही.

आपल्याकडे पावसाळ्यात एक वेगळीच अडचण येते. सिलिका हवेतली वाफ पिते, आणि तिच्यावरच्या जागा पाण्यानेच भरल्या की रंगांसाठी त्या कमी उरतात. जूनपासून कोकणात किंवा मुंबईत उघड्या ठेवलेल्या प्लेटवर ७:३ चालवलं तर सगळे रंग मे महिन्यापेक्षा वर चढलेले दिसतात, जणू कोणी ॲसिटोन वाढवलं आहे. प्लेट १०५ ते ११० अंश सेल्सियसला अर्धा तास तापवून शोषकपात्रात थंड केली की हा फरक बराच कमी होतो. तरीही दोन प्लेटांवरचे आरएफ थेट ताडून पाहू नयेत. ज्याच्याशी तुलना करायची ते द्रव्य त्याच प्लेटवर शेजारी ठिपका देऊन चालवावं.

पालकाऐवजी लाल माठ घेतला तर तीच कृती वेगळं काही दाखवते. मिठाच्या पाण्याने अर्क हलवला की खालचा पाण्याचा थर गुलाबी-जांभळा होतो आणि वरचा हेक्झेनचा थर पालकासारखाच हिरवा. माठाचा तो लाल रंग बेटालेन गटातला, पाण्यात विरघळणारा. ७:३ मध्ये तो ठिपक्याच्या जागेवरून हलत नाही, त्याला सिलिका पूर्ण धरून ठेवते. हिरवे रंग मात्र पालकाच्याच उंचीवर जाऊन बसतात.

सिलिकाची मर्यादाही तिथेच कळते. ल्युटीन आणि झिअ‍ॅझँथिन ही दोन पिवळी द्रव्यं तिच्यावर जवळजवळ एकाच जागी येतात, कारण दोघांतही हायड्रॉक्सिल गट दोनच, फरक फक्त एका दुहेरी बंधाच्या जागेचा. गाजरातल्या अल्फा आणि बीटा कॅरोटीनचंही तेच. या जोड्यांसाठी मोबाइल फेजची कितीही मिश्रणं करून पाहिली तरी उपयोग होत नाही, तिथे थरच बदलावा लागतो. कॅरोटीनांसाठी सिलिकाऐवजी मॅग्नेशियम ऑक्साइड वापरतात, कारण ते ऑक्सिजनचे गट न बघता दुहेरी बंधांच्या मांडणीकडे बघून रेणूंना धरतं.